एकच पत्रा, दोन गुणांक : सौर वाळवणी यंत्रातील शोषक पत्र्याचा हिशेब

हळद, मिरची, आले, कांद्याच्या चकत्या किंवा द्राक्षे वाळविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सौर वाळवणी यंत्राचा, म्हणजेच सोलर ड्रायरचा, मुख्य भाग म्हणजे त्यातील काळा पत्रा. ऊन पत्र्यावर पडते, पत्रा तापतो आणि त्यावरून वाहणारी हवा ती उष्णता मालापर्यंत नेते. हा पत्रा साध्या काळ्या रंगाने रंगवावा, की बाजारात मिळणारा ‘निवडक लेप’ असलेला महाग पत्रा घ्यावा, हा प्रश्न शेतकरी विस्तार कार्यकर्त्यांना अनेकदा विचारतात. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात अशा पत्र्यासाठी दोन आकडे दिलेले असतात : शोषण गुणांक ०.९ आणि उत्सर्जन गुणांक ०.१. भौतिकशास्त्र शिकलेल्या वाचकाला येथे शंका येते. चांगला शोषक हा चांगला उत्सर्जकही असतो, असे शाळेत शिकविलेले असते. मग एकाच पत्र्याचे हे दोन गुणांक इतके वेगळे कसे? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर समजले की कोणत्या यंत्राला महाग पत्रा परवडतो आणि कोणत्या यंत्रात त्यावरचा खर्च वाया जातो, हेही थोड्या हिशेबाने ठरविता येते.

दोन गुणांक म्हणजे काय?

पत्र्यावर पडलेल्या प्रारणापैकी जितका अंश पत्रा शोषून घेतो, तो त्याचा शोषण गुणांक. १०० भाग ऊन पडले आणि ९० भाग शोषले गेले, तर शोषण गुणांक ०.९ झाला, उरलेले १० भाग परावर्तित झाले. उत्सर्जन गुणांक ही दुसरी बाजू होय. तापलेली प्रत्येक वस्तू स्वतःही प्रारण बाहेर टाकते. आदर्श काळी वस्तू विशिष्ट तापमानाला जितके प्रारण टाकते, त्याच्या तुलनेत आपला पत्रा किती टाकतो, ते प्रमाण म्हणजे उत्सर्जन गुणांक. पहिला आकडा मिळकतीचा, तर दुसरा खर्चाचा. वाळवणी यंत्राच्या पत्र्यात पहिला शक्य तितका मोठा आणि दुसरा शक्य तितका लहान असावा, अशी अपेक्षा असते.

जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव किरशॉफ यांनी १८५९ मध्ये मांडलेला नियम सांगतो की, पृष्ठभागाचे शोषण आणि उत्सर्जन समान असते. मात्र हा नियम प्रत्येक तरंगलांबीला स्वतंत्रपणे लागू होतो, ही त्यातील महत्त्वाची बाब बहुधा विसरली जाते. एखादा पत्रा अर्ध्या मायक्रॉनच्या तरंगलांबीचे प्रारण ९० टक्के शोषत असेल, तर त्याच तरंगलांबीला त्याची उत्सर्जनक्षमताही ९० टक्के असते. तो आठ मायक्रॉनच्या तरंगलांबीला १० टक्केच शोषत असेल, तर त्या तरंगलांबीचे उत्सर्जनही १० टक्केच करतो. नियम कोठेही मोडत नाही. एकूण गुणांक वेगळे निघतात, कारण पत्रा ज्या तरंगलांबींचे प्रारण शोषतो, त्या तरंगलांबींचे प्रारण तो स्वतः जवळजवळ टाकतच नाही.

ऊन आखूड लहरींचे, पत्र्याची धग लांब लहरींची

वस्तू जितकी तप्त, तितकी तिच्या प्रारणाची तरंगलांबी आखूड. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन धरले जाते. त्याच्या प्रारणाचा जोर सुमारे अर्ध्या मायक्रॉनला, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या पट्ट्यात असतो. उलट, वाळवणी यंत्रातील पत्रा ६७ अंश सेल्सिअसपर्यंत तापला, तर त्याचे तापमान ३४० केल्विन होते आणि त्याच्या प्रारणाचा जोर साडेआठ मायक्रॉनच्या आसपास असतो. हे अवरक्त प्रारण डोळ्यांना दिसत नाही. पत्र्याजवळ हात नेल्यास ते धग म्हणून जाणवते.

या दोन प्रारणांच्या मध्ये जवळजवळ रिकामी जागा आहे. उन्हाचा फार मोठा भाग ३ मायक्रॉनच्या अलीकडे संपतो आणि पत्र्याचे स्वतःचे प्रारण ३ मायक्रॉनच्या पलीकडेच सुरू होते. म्हणून ३ मायक्रॉनच्या अलीकडे काळा आणि पलीकडे चकचकीत असा पत्रा तयार करता आला, तर तो ऊन घेईल, पण उष्णता सहजासहजी बाहेर टाकणार नाही. इस्रायलमधील शास्त्रज्ञ हॅरी टेबर यांनी १९५०च्या दशकात असे निवडक पृष्ठभाग सौर उपकरणांसाठी विकसित केले. आज मिळणाऱ्या काळ्या क्रोमच्या लेपामागेही हेच तत्त्व आहे.

असा लेप कसा काम करतो, हे समजणे अवघड नाही. खाली निकेल किंवा तांब्यासारख्या धातूचा चकचकीत थर असतो आणि त्यावर काळा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. अर्ध्या मायक्रॉनच्या सूर्यकिरणांना हा थर ओलांडता येत नाही. ते त्यात शोषले जातात. आठ-दहा मायक्रॉनच्या लांब लहरींच्या दृष्टीने मात्र हा थर जवळजवळ नसल्यासारखाच असतो. त्यांच्यासाठी पृष्ठभाग म्हणजे खालचा चकचकीत धातू, आणि चकचकीत धातू प्रारण फारच कमी टाकतो. साध्या काळ्या रंगाचा थर मात्र कित्येक मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्यातील बांधक द्रव्य लांब लहरीही शोषते. म्हणून तो रंग दोन्ही पट्ट्यांत काळाच असतो.

एकूण गुणांक काढण्याची रीत

आता प्रत्यक्ष हिशेब करू या. समजा, निवडक पत्र्याचा वर्णपटीय शोषण गुणांक ३ मायक्रॉनपर्यंत ०.९ आणि त्यापुढे ०.१ आहे. खऱ्या पृष्ठभागात हा बदल एकदम न होता उतारासारखा हळूहळू होतो. तथापि दोन पायऱ्यांची ही मांडणी हिशेबाला पुरेशी असते.

रीत अशी की, येणाऱ्या प्रारणाचा किती हिस्सा पहिल्या पट्ट्यात आणि किती दुसऱ्या पट्ट्यात पडतो, ते पाहावे. प्रत्येक हिस्स्याला त्या पट्ट्याच्या गुणांकाने गुणावे आणि बेरीज करावी. एका ट्रॉलीत दोन प्रतींचा माल असेल, तर सरासरी भाव जसा वजनाच्या प्रमाणात काढतात, तशीच ही रीत आहे.

हिस्से काढण्यासाठी उष्मागतिकीच्या पुस्तकांत काळ्या वस्तूच्या प्रारणाचा तक्ता दिलेला असतो. पट्ट्याची सीमा मायक्रॉनमध्ये घेऊन तिला तापमानाने, केल्विनमध्ये, गुणायचे आणि त्या गुणाकारासमोरील हिस्सा वाचायचा. उन्हासाठी तापमान सूर्याचे घ्यावे लागते :

३ × ५,८०० = १७,४००

या आकड्यासमोर तक्त्यात सुमारे ०.९७९ हा हिस्सा मिळतो. म्हणजे उन्हातील ९७.९ टक्के ऊर्जा ३ मायक्रॉनच्या अलीकडे आहे आणि २.१ टक्के पलीकडे. म्हणून,

एकूण शोषण गुणांक = (०.९ × ०.९७९) + (०.१ × ०.०२१) = ०.८८३

उत्सर्जनासाठी सीमा तीच राहते; तापमान मात्र पत्र्याचे घ्यायचे. सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात. पत्रा सूर्यप्रकाशात ठेवलेला असला तरी तो स्वतः ३४० केल्विनलाच प्रारण टाकतो, ५,८०० केल्विनला नव्हे.

३ × ३४० = १,०२०

या आकड्यासमोर तक्त्यात केवळ ०.०००४ हा हिस्सा मिळतो. पत्र्याच्या प्रारणाचा दहा हजारांतील जेमतेम चार भाग इतकाच वाटा पहिल्या पट्ट्यात आहे. बाकी सर्व दुसऱ्या पट्ट्यात आहे. म्हणून,

एकूण उत्सर्जन गुणांक = (०.९ × ०.०००४) + (०.१ × ०.९९९६) = ०.१००

माहितीपत्रकातील दोन आकडे असे आले. सीमा ३ मायक्रॉनलाच का असावी, तेही याच रीतीने तपासता येते. ती ६ मायक्रॉनपर्यंत नेली, तर शोषण गुणांक ०.९ च्या अगदी जवळ पोहोचतो, म्हणजे नफा अत्यल्प होतो. पण पत्र्याच्या प्रारणातील सुमारे सात टक्के भाग काळ्या पट्ट्यात येऊन उत्सर्जन गुणांक ०.१ वरून ०.१६ होतो. उलट, सीमा दीड मायक्रॉनवर आणली, तर उत्सर्जन कमी होत नाही, कारण ते आधीच किमान आहे. शोषण गुणांक मात्र ०.८ पर्यंत घसरतो. तीन मायक्रॉनच्या आसपासची सीमा दोन्ही बाजूंनी सोयीची ठरते ती यामुळेच.

हा फरक वाळवणीत किती उपयोगी पडतो?

गुणांक माहीत झाले. परंतु शेतकऱ्याचा खरा प्रश्न किती जादा पाणी उडेल, हा आहे. त्यासाठी दोन पत्र्यांची तुलना करू या. पहिला साध्या काळ्या रंगाचा, ज्याचे दोन्ही गुणांक ०.९५ आहेत, दुसरा वर हिशेब केलेला निवडक पत्रा. दोन्ही पत्र्यांवर काच आहे. बाहेर प्रति चौरस मीटर ८०० वॅट ऊन आहे आणि काचेतून त्यातील ८५ टक्के, म्हणजे ६८० वॅट, आत येते.

काळा पत्रा त्यातील ६४६ वॅट शोषतो आणि निवडक पत्रा सुमारे ६०० वॅट. म्हणजे मिळकतीत निवडक पत्रा ४६ वॅटने मागे आहे. ही बाब माहितीपत्रकात सहसा ठळकपणे दिलेली नसते. निवडक पत्र्याला ही तूट प्रारणाचा खर्च वाचवून भरून काढावी लागते. तो खर्च किती वाचतो, हे पत्रा किती तापला आहे यावर अवलंबून आहे.

पहिल्या स्थितीत हवेचा प्रवाह मंद आहे, पत्रा ६७ अंशांवर आणि काच ४५ अंशांवर आहे. काचेचा उत्सर्जन गुणांक ०.८८ धरला, तर काळ्या पत्र्याकडून काचेकडे प्रति चौरस मीटर सुमारे १५० वॅट प्रारणाने जातात. निवडक पत्र्याकडून सुमारे १८. दुसऱ्या स्थितीत पंख्याने भरपूर हवा खेळविली आहे, त्यामुळे पत्रा ५० अंशांवर आणि काच ४० अंशांवर आहे. आता काळ्या पत्र्याकडून ६१ वॅट जातात आणि निवडक पत्र्याकडून ७.

| बाब (वॅट प्रति चौरस मीटर) | पत्रा ६७ अंश | पत्रा ५० अंश |
|---|---|---|
| प्रारणाच्या खर्चातील बचत | १३२ | ५४ |
| शोषणातील तूट | ४६ | ४६ |
| निवडक पत्र्याचा निव्वळ लाभ | ८६ | ८ |

हवेच्या अभिसरणातून आणि मागील बाजूने होणारा ऱ्हास समान तापमानाला दोन्ही पत्र्यांत जवळपास सारखाच असतो, म्हणून तो तुलनेत घेतलेला नाही. काचेचे तापमानही दोन्हीकडे सारखे धरले आहे. प्रत्यक्षात निवडक पत्र्यावरील काच थोडी थंड राहते, त्यामुळे लाभ थोडा बदलतो. तरीही निष्कर्षाची दिशा बदलत नाही.

हे आकडे पाण्याच्या भाषेत मांडले तर चित्र अधिक स्पष्ट होते. पत्रा २ चौरस मीटरचा आणि कडक ऊन ४ तासांचे धरू. पहिल्या स्थितीत ८६ वॅटच्या लाभाने सुमारे ६९० वॅट-तास ऊर्जा अधिक मिळते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास साधारण २,४०० किलोज्यूल, म्हणजे सुमारे ६७० वॅट-तास ऊर्जा लागते. म्हणजे सर्व उष्णता मालापर्यंत पोहोचली असे मानले, तर दिवसाला सुमारे एक किलो जादा पाणी उडेल. दुसऱ्या स्थितीत ही वाढ जेमतेम शंभर ग्रॅम आहे. प्रत्यक्षात उष्णतेचा काही भाग वाफेऐवजी बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर निघून जातो, त्यामुळे दोन्ही आकडे आणखी कमी होतील; त्यांचे परस्पर प्रमाण मात्र बहुतांशी तेच राहील.

यावरून निवडीचे सूत्र निघते. भाजीपाला, औषधी वनस्पती, मसाल्याची पाने अशा मालाला तापमान जास्त चालत नाही. अशा यंत्रात हवा भरपूर खेळवून पत्रा थंड ठेवावा लागतो; तेथे चांगला मंद-काळा रंग आणि काचेची घट्ट बैठक पुरेशी आहे. पत्रा ६० अंशांच्या बराच वर तापणार असेल, उदाहरणार्थ पाणी तापविण्याच्या सौर संचात किंवा कमी प्रवाहाच्या हवातापकात, तर निवडक पत्र्याचा खर्च वसूल होण्याची शक्यता असते. पत्रा जितका तापट, तितका निवडक लेप उपयोगी.

आच्छादनाचाही येथे संबंध येतो. काच ही स्वतः दोन पट्ट्यांची वस्तू आहे : ऊन आत सोडते, पण लांब लहरींना अडविते. साधे पॉलिथीन मात्र लांब लहरीही बऱ्याच प्रमाणात बाहेर जाऊ देते. त्यामुळे पॉलिथीनच्या आच्छादनाखालील काळा पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतो आणि प्रारणाचा खर्च काचेखालच्या पत्र्यापेक्षा जास्त होतो. स्वस्त आच्छादन आणि साधा काळा पत्रा अशी जोडी असलेली यंत्रे दुपारनंतर लवकर थंड होतात, त्यामागे हेही एक कारण आहे. अशा ठिकाणी पत्रा बदलण्याआधी काच बसविण्याचा विचार करावा.

लेप बिघडतो कसा आणि ओळखायचा कसा?

निवडक पत्र्याचे वैशिष्ट्य त्याच्या वरच्या एका मायक्रॉनपेक्षा पातळ थरात आहे. त्यामुळे तो बिघडणे सोपे असते. सर्वात मोठी चूक म्हणजे पत्रा फिका वाटू लागला म्हणून त्यावर फळ्याचा काळा रंग मारणे. डोळ्यांना पत्रा पूर्वीपेक्षा अधिक काळा दिसतो, प्रत्यक्षात मात्र उत्सर्जन गुणांक ०.१ वरून ०.९ च्या वर जातो आणि महाग पत्र्याचा साधा काळा पत्रा होतो. धुळीचा थर दुहेरी नुकसान करतो : तो ऊन अडवितो आणि लांब लहरी टाकतो. ओल्या मालाची वाफ पत्र्यावर दवासारखी जमली, तर पाण्याचा पातळ थरही लांब लहरींच्या दृष्टीने काळाच असतो, आणि ओलाव्याने कालांतराने लेपाखालचा धातू गंजू लागतो. म्हणून निवडक पत्रा मालाच्या कक्षात न बसविता, ज्यातून केवळ कोरडी हवा जाते अशा वेगळ्या हवातापकात बसविणे हितावह आहे. स्वच्छतेसाठी मऊ, कोरडे कापड वापरावे. घासणी किंवा राख वापरू नये.

नवा पत्रा खरोखर निवडक आहे की नुसताच काळा, हे डोळ्यांनी सांगता येत नाही, कारण डोळा फक्त आखूड लहरी पाहतो आणि त्या पट्ट्यात दोन्ही पत्रे काळेच असतात. येथे अवरक्त तापमापक, म्हणजे रोखून धरून तापमान दाखविणारी बंदूक, उपयोगी पडते. हे उपकरण साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या प्रारणावरून तापमान ठरविते आणि समोरच्या पृष्ठभागाचा उत्सर्जन गुणांक ०.९५ आहे असे गृहीत धरते. निवडक पत्र्याच्या बाबतीत हे गृहीतक चुकते. आणि या चुकीचाच परीक्षेसाठी उपयोग करून घेता येतो.

परीक्षा छताखाली, सावलीत करावी. उघड्यावर केल्यास पत्रा लांब लहरींसाठी आरशासारखा वागून थंड आकाशाचे प्रतिबिंब दाखवितो आणि वाचन आणखी चुकते. पत्र्याच्या तुकड्यावर वायरमन वापरतात तशा काळ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा घट्ट चिकटवावा. पत्रा गरम पाण्याने भरलेल्या सपाट डब्यावर ठेवून काही मिनिटे एकसारखा तापू द्यावा. मग बंदूक जवळून धरून आधी पट्टीचे आणि नंतर शेजारच्या उघड्या पत्र्याचे तापमान वाचावे.

समजा, खोलीचे तापमान ३० अंश आणि पट्टीवरील वाचन ७० अंश आहे. पट्टीचा उत्सर्जन गुणांक ०.९५ च्या जवळ असल्याने हे वाचन खरे मानावे. उघड्या पत्र्यावर वाचन ७० च्या आसपासच आले, तर तो साधा काळा रंग होय, विक्रेता काहीही म्हणो. वाचन ३५ च्या आसपास आले, तर पत्रा निवडक आहे. स्थूल अंदाजासाठी खोलीच्या तापमानापेक्षा दोन्ही वाचने किती वर आहेत, त्यांचे प्रमाण पाहावे : येथे ५ भागिले ४०, म्हणजे सुमारे ०.१२. हिशेबातील ०.१ शी हा आकडा जुळतो. ही प्रयोगशाळेतील मोजणी नव्हे, पण ०.१ आणि ०.९ यांतील फरक ती निःसंशय दाखविते. वापरातील पत्र्यावर दरवर्षी हीच परीक्षा केल्यास लेप टिकला आहे की नाही, तेही कळते.

याच कारणामुळे, निवडक पत्रा किंवा नवा जस्ताचा पत्रा यांचे तापमान पट्टी न लावता बंदुकीने घेऊ नये. ७० अंशांचा पत्रा ३५ अंशांचा दिसल्याने यंत्रच निकामी असल्याचा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका असतो.

छताच्या पत्र्याला उलटा न्याय

जस्ताच्या पत्र्याचा उल्लेख केवळ मापनापुरता नाही. स्वच्छ, नव्या जस्तलेपित पत्र्याचा उन्हासाठीचा शोषण गुणांक सुमारे ०.६५ आणि उत्सर्जन गुणांक सुमारे ०.१३ असतो. म्हणजे कोणीही मुद्दाम न बनविता तो निवडक पृष्ठभागच झालेला असतो. तो चकचकीत दिसतो, म्हणून थंड राहील असे वाटते. पण तो दोन तृतीयांश ऊन घेतो आणि ती उष्णता प्रारणाने जवळजवळ टाकत नाही. कुक्कुटपालन किंवा जनावरांच्या गोठ्यावरचा नवा पत्रा वारा पडलेल्या दुपारी हाताला चटका देतो, याचे कारण येथे आहे. वाळवणी यंत्रात जो गुण हवा, तोच छतावर दोष ठरतो.

छतासाठी नेमके उलटे गुणांक लागतात : ऊन न घेणारा आणि उष्णता सहज टाकणारा पृष्ठभाग. चुन्याच्या किंवा पांढऱ्या रंगाच्या लेपात ते मिळतात. आखूड लहरींमध्ये तो पांढरा असतो, म्हणून ऊन परत पाठवितो. लांब लहरींमध्ये तो जवळजवळ काळाच असतो, म्हणून त्याचा उत्सर्जन गुणांक ०.९ च्या आसपास असतो. ८०० वॅट उन्हात ०.६५ गुणांकाचा पत्रा प्रति चौरस मीटर ५२० वॅट शोषतो. पांढऱ्या लेपाने शोषण गुणांक ०.२५ वर आणला, तर शोषण २०० वॅटवर येते. शिवाय ६० अंश तापमानाला उघडा पत्रा स्वतः केवळ ९० वॅटच्या आसपास प्रारण टाकतो, तर त्याच तापमानाला लेप दिलेला पत्रा ६०० वॅटपेक्षा अधिक टाकू शकतो. म्हणून तो त्या तापमानापर्यंत चढतच नाही. लेप मळला, धुतला गेला किंवा त्यावर शेवाळ धरले की शोषण गुणांक वाढू लागतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर तो नव्याने द्यावा.

क्षेत्रावर विचारावयाचे तीन प्रश्न

विस्तार कार्यकर्त्याने शोषक पत्र्याविषयी सल्ला देताना तीन गोष्टी क्रमाने विचाराव्यात. पहिली, यंत्र चालू असताना पत्रा किती तापतो? ५० अंशांच्या आसपास राहणाऱ्या पत्र्याला साधा काळा रंग पुरतो. दुसरी, वर काच आहे की पॉलिथीन, आणि पत्रा कोरड्या हवेत आहे की मालाच्या वाफेत? वाफेत निवडक लेप फार काळ टिकत नाही. तिसरी, माहितीपत्रकात दोन्ही गुणांक दिलेले आहेत काय, आणि उत्सर्जन गुणांक कोणत्या तापमानाला काढलेला आहे? केवळ ‘९० टक्के ऊन शोषते’ एवढाच दावा असेल, तर त्यावरून निवडक पत्रा आणि फळ्याचा रंग यांत भेद करता येत नाही. तो दावा दोन्हींना लागू पडतो. भेद करणारा आकडा दुसरा आहे, आणि तो चिकटपट्टी व गरम पाणी घेऊन खरेदीपूर्वी पडताळून पाहता येतो.